पाठीवर, उभा की कुशीवर? थ्रीडी प्रिंटमध्ये भाग बेडवर ठेवण्याची दिशा

फिलामेंट वितळवून वस्तू घडवणाऱ्या थ्रीडी प्रिंटरवर कोणताही भाग छापण्याआधी तो बेडवर कोणत्या बाजूने टेकवायचा हे ठरवावे लागते. तोच भाग उभा ठेवता येतो, पाठीवर निजवता येतो, कुशीवर आडवा करता येतो किंवा उलटा पालथा घालता येतो. स्क्रीनवर तो कसाही फिरवला तरी त्याचा आकार बदलत नाही. छापून हातात आलेल्या वस्तूत मात्र दोन गोष्टी या एका निर्णयावर ठरतात. पहिली म्हणजे छपाईच्या वेळी अधांतरी राहणाऱ्या भागांखाली किती सपोर्ट उभारावे लागतील. दुसरी म्हणजे वापरात भार आल्यावर वस्तू तो पेलेल की थरांच्या रेषेवर उकलेल. या दोन गोष्टी नेहमी एकाच दिशेने ओढत नाहीत. सपोर्ट वाचवणारी ठेवण कधी कधी सर्वांत कमकुवत असते, आणि ते छापलेल्या वस्तूच्या रूपावरून कळत नाही.

थरांचा सांधा कच्चा का राहतो

या पद्धतीत नोझलमधून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक रेघ बाहेर पडते. अशा रेघा शेजारीशेजारी घालून एक थर होतो, आणि थरावर थर चढत वस्तू उभी राहते. घरगुती प्रिंटरवर नोझलचे छिद्र बहुधा ०.४ मिमीचे असते आणि थराची जाडी ०.२ मिमीच्या आसपास ठेवली जाते. पीएलए हे सर्वाधिक वापरले जाणारे प्लास्टिक साधारण २०० ते २१० अंश सेल्सिअसला नोझलमधून बाहेर येते.

एकाच रेघेच्या लांबीत प्लास्टिक सलग असते. रेघ ताणली तर अख्खे प्लास्टिकच तोडावे लागते. दोन थरांमधल्या सांध्यात तशी सलगता नसते. वरची रेघ गरम असते, पण ती ज्या थरावर पडते तो तोपर्यंत निवलेला असतो. वरच्या रेघेची उष्णता खालच्या थराचा पृष्ठभाग क्षणभर मऊ करते, आणि तेवढ्याच वेळात दोन्हीकडचे लांब रेणू एकमेकांत शिरून गुंततात. पीएलए ६० अंशांच्या आसपास घट्ट होते आणि त्याखाली हे गुंतणे थांबते. म्हणजे सांधा जुळायला मिळतो तो फार थोडा अवधी. शिवाय रेघा कडेला गोलसर असल्याने दर दोन थरांमध्ये वस्तूच्या बाहेरच्या अंगावर एक बारीक खाच राहते. ताण आला की तडा नेमका तिथून सुरू होतो.

म्हणून थरांना आडवे ओढले, म्हणजे एक थर दुसऱ्यापासून सुटावा अशा दिशेने भार आला, की वस्तूची ताकद रेघांच्या दिशेतल्या ताकदीच्या बऱ्याचदा निम्मी ते दोन तृतीयांश भरते. नोझलचे तापमान कमी असेल किंवा पंख्याचा वारा जोराचा असेल तर त्याहूनही खाली जाते. सुताराला हा हिशेब नवा नाही. लाकूड रेषांच्या लांबीत ओढून तुटत नाही, पण रेषांच्या फटीत पाचर घातली की चिरते. फरक एवढाच की लाकडाच्या रेषा झाडाने ठरवलेल्या असतात, आणि प्रिंटमधल्या रेषा कुठून कुठे जाव्यात हे छापणाऱ्याच्या हातात असते.

सगळेच भार थरांना सारखे बाधत नाहीत. थरांवर सरळ दाब आला तर सांधे आणखी घट्ट बसतात, त्यामुळे नुसता दाब सोसणारा पाया किंवा ठोकळा कसाही छापला तरी चालतो. धोका असतो तो थर एकमेकांपासून ओढणाऱ्या भाराचा, आणि त्याखालोखाल एक थर दुसऱ्यावरून सरकवणाऱ्या भाराचा. वाकवणारा भार वरवर साधा वाटतो, पण वाकताना वस्तूची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते. त्या ताणलेल्या बाजूला थर आडवे आले असतील तर ती बाजू आधी सुटते. म्हणून भाग फिरवण्याआधी विचारायचा प्रश्न एकच असतो: वापरात हा भाग कुठे ताणला जाणार आहे?

सपोर्ट कधी लागतो

प्रत्येक थराला टेकायला खाली काहीतरी हवे. भिंत सरळ वर जात असेल तर खालचा थर पूर्ण आधार देतो. भिंत बाहेर झुकली की वरचा थर खालच्याच्या थोडा पुढे सरकतो. ०.४ मिमी रुंदीची रेघ आणि ०.२ मिमीचा थर धरला, तर उभ्या रेषेपासून ४५ अंश झुकलेल्या भिंतीत प्रत्येक थर ०.२ मिमी पुढे जातो. म्हणजे रेघेची अर्धी रुंदी टेकलेली आणि अर्धी हवेत असते, आणि एवढ्यावर रेघ तग धरते. झुकाव ६० अंशांवर गेला की सरक ०.३५ मिमी होते आणि रेघ जवळजवळ सगळीच हवेत येते. ती खाली लोंबते, कडा वर वळतात, खालचे अंग खरबरीत होते. ४५ अंशांचा जो ठोकताळा सगळीकडे ऐकू येतो, त्याच्या मुळाशी हा साधा हिशेब आहे. थर पातळ ठेवला तर सरक कमी होते आणि थोडा जास्त झुकावही निभतो.

दोन्ही टोकांना टेकलेली आडवी पट्टी याला अपवाद असते. तिथे नोझल एका काठावरून दुसऱ्या काठावर रेघ ताणून नेते आणि पंखा ती लगेच थंड करतो. असा छोटा पूल सपोर्टशिवाय जमतो. पीएलएमध्ये दोन-तीन सेंटिमीटरचा पूल बहुतेक प्रिंटर नीट घालतात. एकच टोक टेकलेली, दुसरे अधांतरी असलेली पट्टी मात्र सपोर्टशिवाय छापता येत नाही.

सपोर्ट म्हणजे त्याच प्लास्टिकचा विरळ सांगाडा, जो नंतर पकडीने मोडून काढायचा असतो. तो सुटावा म्हणून त्याच्या माथ्यावर आणि वस्तूच्या पोटाखाली साधारण एका थराची फट ठेवली जाते. त्या फटीमुळेच सपोर्टवर छापलेले अंग कधीही इतर अंगांइतके सपाट येत नाही. माल आणि वेळ तर जातोच, शिवाय अरुंद पोकळीत अडकलेला सपोर्ट काढताना पातळ भाग मोडण्याची भीती असते.

स्लायसरमध्ये सपोर्टचा कोन भरताना एक घोटाळा नेहमी होतो. `Cura` मध्ये `Support Overhang Angle` हा कोन उभ्या रेषेपासून मोजला जातो, तर `PrusaSlicer` मधला `Overhang threshold` आडव्या पातळीपासून मोजला जातो. ४५ हा आकडा दोन्हीकडे एकच अर्थ देतो, म्हणून फरक लक्षात येत नाही. पण एका स्लायसरमधले ६० दुसऱ्यात तसेच टाकले तर अर्थ उलटतो. एकीकडे जिथे सपोर्ट टळतो तिथे दुसरीकडे गरज नसताना सपोर्टचे रान माजते.

एका ब्रॅकेटचे चार अवतार

हे सारे एका साध्या भागावर तपासून पाहता येते. भिंतीला स्क्रूने बसवायचा एल अक्षराच्या आकाराचा ब्रॅकेट घेऊ. भिंतीला टेकणारी उभी पट्टी ९० मिमी उंच, तिच्या तळातून पुढे येणारा आडवा हात १०० मिमी लांब. दोन्हींची रुंदी २५ मिमी आणि जाडी ८ मिमी. उभ्या पट्टीत स्क्रूसाठी ४.५ मिमीची दोन भोके. हातावर एक छोटी फळी बसणार आणि तिच्यावर सामान येणार.

भार खाली येतो तेव्हा हाताचे टोक खाली जाऊ पाहते आणि एलचा आतला कोन उघडू लागतो. त्यामुळे ताण येतो तो हाताच्या वरच्या अंगावर आणि उभ्या पट्टीच्या पुढच्या अंगावर, म्हणजे दोन्हीकडे आतल्या बाजूला. सर्वाधिक ताण आतल्या कोपऱ्यात असतो. कोपऱ्यापासून ८० मिमी अंतरावर ४ किलो वजन, म्हणजे सुमारे ४० न्यूटन भार आला, तर कोपऱ्याशी ३२०० न्यूटन-मिलिमीटरचा वाकवणारा जोर तयार होतो. २५ बाय ८ मिमीच्या भरीव छेदावर त्यातून साधारण १२ मेगापास्कल ताण येतो, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १२ न्यूटन. कोपरा धारदार ठेवला असेल तर तिथे ताण एकवटून दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. म्हणजे कोपऱ्यातला खरा आकडा २४ च्या पुढे धरायला हवा. पीएलए रेघांच्या दिशेत ५० मेगापास्कलच्या आसपास सोसते. थरांच्या आडव्या दिशेत २५ ते ३० हातात राहतात.

आता ठेवणीकडे पाहू. पहिली ठेवण वापरात असतो तशीच उभी: हात बेडवर सपाट, पट्टी त्यावर उभी चढलेली. कुठेही काही अधांतरी नाही, सपोर्ट शून्य. हाताचे थर त्याच्या लांबीत जातात, म्हणून हात भक्कम होतो. उभ्या पट्टीत मात्र सगळे थर आडवे येतात आणि तिथला ताण उभा असतो. भार वाढला की कोपऱ्याच्या लगेच वर, पट्टीत, एका सरळ रेषेवर तडा जातो.

दुसरी ठेवण पाठीवर: भिंतीला टेकणारे अंग बेडवर आणि हात मनोऱ्यासारखा वर. इथेही सपोर्ट शून्य. स्क्रूची भोके बेडकडे तोंड करून असल्याने गोल आणि नीटस येतात. बेडवर टेकलेले अंग गुळगुळीत होते. पाहताक्षणी हीच ठेवण योग्य वाटते. पण आता हाताचे थर त्याच्या लांबीला आडवे आहेत आणि ताण लांबीच्या दिशेने आहे. कोपऱ्यातला २४ चा ताण आणि सांध्याची २५ ते ३० ची ताकद यांत काहीच अंतर उरत नाही. फळीवर एखादी वस्तू जरा जोरात ठेवली तरी हात मुळापासून सुटतो.

तिसरी ठेवण उलटी: पट्टी उभी आणि हात वर, हवेत पुढे आलेला. आराखडा काढणाऱ्याने भाग ज्या दिशेने रेखाटला असेल तसाच तो स्लायसरमध्ये उघडतो, म्हणून न फिरवता छापायला लावलेल्या फाइलमध्ये ही ठेवणही दिसते. हाताखाली ९२ मिमी लांब, २५ मिमी रुंद आणि ८२ मिमी उंच मोकळी जागा सपोर्टने भरावी लागते. ती जागा सुमारे १८९ घन सेंटिमीटर होते, तर ब्रॅकेट स्वतः जेमतेम ३६ घन सेंटिमीटरचा असतो. सपोर्ट १५ टक्के भरणाचा धरला तरी २८ घन सेंटिमीटर माल फेकण्यात जातो. एवढे करून उभ्या पट्टीतला कच्चेपणा पहिल्या ठेवणीइतकाच राहतो.

चौथी ठेवण कुशीवर: अख्खा एल बेडवर आडवा, उंची फक्त २५ मिमी. आता प्रत्येक थर हा पूर्ण एल आहे. बाहेरच्या रेघा पट्टीतून निघून कोपऱ्याला वळसा घालून हाताच्या टोकापर्यंत अखंड जातात. ताणही त्याच मार्गाने जातो. थर सुटतील अशा दिशेने मुख्य भार येतच नाही. वाकताना सर्वाधिक ताण जिथे येतो त्या आतल्या अंगावर भिंतीच्या रेघा लांबीनेच घातलेल्या असतात. थरांची संख्याही घटते. ०.२ मिमीच्या थराने पहिल्या ठेवणीत ४५० थर लागतात, पाठीवर ५०० आणि कुशीवर १२५. सपोर्ट इथेही लागत नाही, अपवाद फक्त स्क्रूच्या भोकांचा, कारण ती आता आडवी झाली आहेत. पण ४.५ मिमीच्या आडव्या भोकाचा माथा म्हणजे एक इवलासा पूल असतो आणि तो आपोआप जमतो. माथा किंचित चपटा येतो, तेवढा ड्रिलचे टोक फिरवून साफ करता येतो. आराखड्यातच भोकाचा माथा पाण्याच्या थेंबासारखा टोकदार केला तर तेही करावे लागत नाही.

चार ठेवणींपैकी तीन सपोर्टशिवाय छापता येतात आणि त्यांतली एकच टिकते. सपोर्ट लागत नाही एवढ्यावर समाधान मानले तर निवड चुकण्याचीच शक्यता जास्त, हे यावरून दिसते.

कुशीवर ठेवल्यानंतरची पथ्ये

योग्य ठेवण सापडली तरी आराखड्यातल्या काही गोष्टी तिला धरून बदलाव्या लागतात. आतल्या कोपऱ्याला ५-६ मिमी त्रिज्येची गोलाई दिली की एकवटणारा ताण बराच उतरतो. कुशीवर छापताना ही गोलाई थराच्या पातळीतच येते, त्यामुळे तिच्यासाठी ना सपोर्ट लागतो ना जास्तीचा वेळ.

कोनाला त्रिकोणी तीर जोडून मजबुती देण्याची पद्धत आहे. ओतीव किंवा साच्यातल्या ब्रॅकेटमध्ये हे तीर रुंदीच्या मधोमध असते. तोच आराखडा कुशीवर छापायला घेतला तर ६ मिमी जाडीचे तीर बेडपासून ९.५ मिमी उंचीवर हवेत सुरू होते, आणि ज्या सपोर्टपासून सुटका झाली होती तो परत येतो. उपाय सोपा आहे. तीर मधून काढून बेडकडच्या कडेला सरकवायचे, म्हणजे ते पहिल्या थरापासूनच टेकलेले राहते. फळीला दोन ब्रॅकेट लागत असतील तर एक डावा आणि एक उजवा असा उलटसुलट जोड छापायचा, म्हणजे दोन्ही तीरे बाहेरच्या बाजूला येतात. दुसरा उपाय म्हणजे तीर पूर्ण २५ मिमी रुंदीचे करून आतून विरळ भरणाचे ठेवायचे.

स्क्रूची निवडही ठेवणीशी बांधलेली आहे. कुशीवर छापलेल्या ब्रॅकेटमध्ये थर रुंदीच्या दिशेने एकावर एक रचलेले असतात. शंकूच्या डोक्याचा स्क्रू आवळला की त्याचे डोके पाचरीसारखे आत घुसते आणि भोकाच्या कडा बाहेर रेटते. त्यातला काही जोर नेमका थर सोडवणाऱ्या दिशेने लागतो. भोकापासून कडेपर्यंत एक केसासारखी चीर दिसू लागते. सपाट डोक्याचा स्क्रू आणि खाली वॉशर घेतला तर हा रेटा राहत नाही. कुशीवर छापलेल्या ब्रॅकेटची मर्यादाही हीच आहे: खालचा भार तो पेलतो, पण हाताच्या टोकाला बाजूने जोराचा धक्का बसला तर थर उकलू शकतात. फळी दोन्ही ब्रॅकेटना स्क्रूने जोडली की हा बाजूचा धक्का दोघांत वाटला जातो.

दिशा बदलून प्लास्टिकचा स्वभाव मात्र बदलत नाही. पीएलएवर भार सतत राहिला तर ते हळूहळू वाकत जाते, आणि उन्हात तापलेल्या भिंतीवर किंवा गाडीत ते मऊ पडते. अशा जागी पीईटीजीसारखे जास्त तापमान सोसणारे प्लास्टिक घ्यावे लागते. ठेवणीचा नियम तिथेही तोच राहतो.

दोन्ही साधत नाही तेव्हा

काही भागांना एकच चांगली बाजू नसते. किल्ल्या अडकवायची पट्टी घ्या: सपाट पाटी आणि तिच्यातून काटकोनात बाहेर येणाऱ्या गोल खुंट्या. पाटी बेडवर ठेवली तर सपोर्ट लागत नाही, पण प्रत्येक खुंटी म्हणजे आडव्या थरांची चळत होते आणि मुळाशी तुटते. पाटी उभी केली तर खुंट्या भक्कम होतात, पण त्यांच्याखाली सपोर्ट येतो आणि पाटीचे थर वाईट दिशेला जातात.

अशा वेळी भाग तोडून दोन तुकड्यांत छापणे हा बहुतेकदा उत्तम मार्ग असतो. पाटी वेगळी, बेडवर सपाट. खुंट्या वेगळ्या, आडव्या निजवलेल्या, बेडवर टेकण्यासाठी पोटाशी एक चपटी बाजू दिलेल्या. खुंटीचे मूळ चौकोनी ठेवायचे आणि पाटीत तसाच चौकोनी खळगा द्यायचा, भोवती ०.१ ते ०.२ मिमीची सैल जागा सोडून. मग गोंदाने जोडल्यावर खुंटी फिरत नाही आणि थर तिच्या लांबीत राहतात.

तुकडे करणे शक्य नसेल तर धातूची मदत घेता येते. थरांच्या आडव्या दिशेने आरपार भोक ठेवून त्यातून लांब बोल्ट घातला आणि नट आवळला, की थर कायम दाबाखाली राहतात. ओढणारा भार आधी त्या दाबाला कमी करतो, सांध्यापर्यंत तो उशिरा पोहोचतो. उंच आणि अरुंद खांबांना हा उपाय विशेष लागू पडतो.

तिसरी वाट तडजोडीची, भाग तिरका ठेवण्याची. थर ताणाला अगदी काटकोनात आडवे असतील तर सगळा ताण सांध्यावर येतो. भाग ४५ अंश कलवला की सांधा उकलणारा ताण निम्मा होतो, मात्र थर सरकवणारा जोर नव्याने येतो. भाग बेडवर एका कडेवर तोललेला असल्याने खाली सपोर्टही लागतोच. तरीही दोन वेगवेगळ्या दिशांनी ताण येणाऱ्या भागात सर्वांत कच्ची दिशा सुधारण्यासाठी ही किंमत मोजणे परवडते. सपोर्ट काही मिनिटांत पकडीने निघून जातो, पण चुकीच्या दिशेने गेलेला थर नंतर कशानेही दुरुस्त होत नाही.

पंख्याच्या बाबतीतही अशीच ओढाताण असते. अधांतरी कडा नीट याव्यात म्हणून वारा जोराचा हवा, आणि सांधे घट्ट व्हावेत म्हणून तो मंद हवा. चांगल्या ठेवणीचा हा एक आडून मिळणारा फायदा आहे: अधांतरी भाग कमी असले की पंखा कमी ठेवता येतो, नोझल ५-१० अंश अधिक तापवता येते, आणि सगळेच सांधे पक्के होतात.

तपासायचे कसे

छापण्याआधीची तपासणी स्लायसरमध्ये होते. `PrusaSlicer` मध्ये `Place on face` हे साधन निवडून हवे ते अंग बेडवर टेकवता येते. मग छेद करून थरांची सरकपट्टी खालून वर हळूहळू ओढायची. प्रत्येक थरावर दोन गोष्टी पाहायच्या. खाली काहीच नसताना एखादे बेट अचानक उगवते का, हे एक. तसे उगवले तर तिथे सपोर्ट हवा किंवा आराखड्यात बदल. दुसरे म्हणजे सर्वाधिक ताण येणाऱ्या जागी रेघा ताणाच्या दिशेने अखंड जातात की त्याला आडव्या येतात. त्याच वेळी बेडवर टेकलेले क्षेत्रही पाहून घ्यावे. उंच भाग अरुंद पायावर उभा असेल तर नोझलच्या धक्क्याने तो मध्येच सुटण्याची शक्यता असते.

तुटलेला भागही नेमके सांगतो. तुटलेले अंग सपाट, स्वच्छ, एका थरावर घसरल्यासारखे दिसत असेल आणि त्यावर रेघांची जाळी जशीच्या तशी उमटलेली असेल, तर सांधा सुटला आहे. तिथे भराव वाढवून फारसा उपयोग होत नाही. ठेवण बदलावी लागते. तुटलेले अंग वेडेवाकडे, ओढून पांढरे पडलेले असेल तर प्लास्टिक स्वतः तुटले आहे, म्हणजे ठेवण बरोबर आहे. मग जाडी वाढवायची, भिंतीच्या रेघा दोनाच्या चार करायच्या, किंवा कोपरा आणखी गोल करायचा.

आपल्या प्रिंटरवर आणि आपल्या फिलामेंटमध्ये सांधा किती पक्का येतो, हे हातानेही अजमावता येते. ८० मिमी लांब, १० मिमी रुंद आणि ४ मिमी जाड अशा दोन पट्ट्या घ्यायच्या. प्लास्टिकच्या वाकण्याच्या प्रमाणित चाचणीतही हेच माप वापरतात. एक पट्टी बेडवर सपाट छापायची, दुसरी टोकावर उभी. उभीचा पाया लहान असल्याने तिच्याभोवती पहिल्या थरात रुंद किनार द्यावी. मग दोन्ही हातांनी वाकवायच्या. उभी पट्टी कट्‌कन सरळ रेषेत तुटते. सपाट पट्टी आधी वाकते, पांढरी पडते आणि बऱ्याच जोरानंतर तुटते. दोन्हींमधला हा फरक जितका मोठा, तितकी ठेवणीबद्दल सावधगिरी जास्त हवी. फरक फारच मोठा असेल तर नोझलचे तापमान वाढवून आणि पंखा कमी करून पुन्हा पाहावे.

प्रत्येक भागाला एवढा विचार लागत नाही. शोभेची मूर्ती, डबी किंवा नावाची पाटी यांवर भार नसतो. तिथे दर्शनी अंग स्वच्छ यावे आणि सपोर्ट कमी लागावा एवढेच पाहावे. भार घेणारा भाग असेल तेव्हा मात्र क्रम ठरलेला असावा: आधी ताण कुठे येतो ते शोधायचे, थर त्या दिशेत निजवायचे, आणि त्यानंतर उरलेला सपोर्ट आराखडा बदलून किंवा तुकडे करून घटवायचा. हा क्रम उलटला तर सपोर्टचे प्लास्टिक वाचते आणि वस्तू वाया जाते.